सासूबाईंचा फिदिया सुनेला चालत नाही

प्रश्न : आपा, माझं माहेर रत्नागिरीचं, सासर कोल्हापूरचं. 2023 च्या रमजानमध्ये मला सातवा महिना होता. चार रोजे झाले, पाचव्या दिवशी दुपारी तोडला, कारण बाळाचं वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी सक्त मनाई केली. मला स्वतःला काही त्रास नव्हता. 2024 ला थोरला अंगावर पीत होता, दूध आटायला लागलं म्हणून पंधरा रोजे सोडले, पाळीचे सात गेले ते वेगळे. ईदनंतर पाच रोजे कजा केले, म्हणजे भरून काढले, पण दूध परत कमी झालं म्हणून थांबले, आणि जूनमध्ये दिवस राहिले. 2025 ला माझं बीपी वाढलं म्हणून पहिले सहा रोजे धरलेच नाहीत, सातव्या दिवशी मुलगी झाली. दिवाळीपासून ती वरण-भात खाते आणि मलाही आता रोजा झेपेल असं वाटतं, पण अजून सुरुवात केलेली नाही. सासूबाई म्हणतात, मी देते तसा तूही फिदिया दे, विषय संपला. आई म्हणते, कजा पण कर आणि तांदूळ पण दे. शेजारच्या एक म्हणाल्या, रोजा मध्येच तोडलास, आता सलग साठ रोजे पडले. खरं काय?

उत्तर :

आंबा घाट उतरला की भाषेचा हेल बदलतो तसा रोज्याचा मसलाही थोडा बदलतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई मजहबाचे, म्हणजे इमाम शाफईंच्या परंपरेचे, घाटावरचे आपण हनफी. तुमच्या आई आणि माझ्यासारखी कोल्हापूरची बाई एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देतात ती त्यामुळे, आणि दोन्ही उत्तरांच्या मागे शेकडो वर्षांचा अभ्यास आहे. सासूबाईंचं आणि शेजारणीचं उत्तर मात्र यांपैकी कुठल्याच मजहबात बसत नाही. म्हणून आधी ती दोन बाजूला करू.

शेजारणीचे साठ रोजे म्हणजे कफ्फारा. तो आहे रमजानचा रोजा धरून, काही कारण नसताना, जाणूनबुजून तोडणाऱ्यासाठी. त्यातही शाफई आणि हंबली तो फक्त नवरा-बायकोच्या संबंधाने तुटलेल्या रोज्याला लावतात. हनफी आणि मालिकी जाणूनबुजून खाण्यापिण्यालाही लावतात. तुम्ही तोडलात तो पोटातल्या बाळासाठी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. हा उज्र, म्हणजे शरियतने मानलेलं कारण आहे, आणि उज्र असला की चारही मजहबांत कफ्फारा नाही. त्या दिवसाचा हिशेब बाकीच्या सुटलेल्या दिवसांसारखाच. साठ रोज्यांच्या भीतीने मी बायकांना अर्धमेल्या होऊन संध्याकाळपर्यंत रोजा ओढताना पाहिलंय. तसं करण्याची गरज नसते, आणि जिवावर बेतत असेल तर तसं करणं गुन्हा आहे.

आता सासूबाई. त्यांचं वय झालेलं असेल, आजार असा असेल की पुन्हा कधी रोजा झेपेल अशी आशा नाही, म्हणून त्या रोज्याऐवजी फिदिया देतात. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. कुराणात सूरह बकराच्या 184 व्या आयतीत एका गरिबाच्या जेवणाचा फिदिया आला आहे आणि इब्ने अब्बास तो म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांसाठी धरायचे. पण त्याच आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला सांगितलंय की दुसऱ्या दिवसांत तेवढी संख्या पुरी करा. म्हणजे ज्याला पुढे कधीतरी रोजा जमणार आहे, त्याने रोजाच द्यायचा. पैसे किंवा धान्य त्याची जागा घेत नाही. इतकंच कशाला, सासूबाईंना चैत्र-वैशाखात जमत नसेल पण डिसेंबरच्या लहान दिवसांत जमत असेल, तर हनफी ग्रंथांप्रमाणे त्यांनीही हिवाळ्यात कजा करायची, फिदिया नाही. आणि फिदिया दिल्यावर तब्येत सुधारली, तर दिलेलं दान होऊन जातं आणि रोजे पुन्हा अंगावर येतात.

तरी सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतून आलेलं नाही, हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने नुसतं जेवण द्यावं, कजा नको, असं मत इब्ने अब्बास आणि इब्ने उमर यांच्याकडून नोंदलं गेलं आहे. पण चार इमामांपैकी कुणीही ते आपला मजहब म्हणून घेतलं नाही. तुम्ही पंचविशी-तिशीतल्या, तुमच्या पुढे कितीतरी हिवाळे आहेत.

म्हणजे कजा नक्की. खरा वाद उरतो तो आईने सांगितलेल्या तांदळाचा, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नातली सगळ्यात जाणून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे.

बाई गरोदर असो की पाजणारी, तिला रोजा सोडायची मुभा आहे यात दुमत नाही. प्रवाशावरून अर्धी नमाज आणि रोजा उतरवला, गरोदर आणि पाजणाऱ्या बाईवरून रोजा उतरवला, अशी हदीस अनस बिन मालिक अल-काबी यांच्याकडून तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आली आहे. पण नंतर भरपाई कशी करायची ते त्या हदीसमध्ये सांगितलेलं नाही. तिथून इमामांची वाट वेगळी होते.

शाफईंनी विचारलं, भीती कुणाची होती? बाईला स्वतःची भीती असेल, किंवा स्वतःची आणि बाळाची दोन्ही, तर ती आजाऱ्यासारखी, नुसती कजा. पण स्वतः धडधाकट असून फक्त बाळासाठी सोडला, तर कजा आणि शिवाय दर दिवसाला एक मुद धान्य. इमाम नववींच्या मिन्हाजमध्ये हेच आहे. कारण त्यांनी असं दिलं की एका रोज्याच्या सुटण्याने दोन जीवांना आराम मिळाला, मग भरपाईही दोन प्रकारची. (जुळी असली तरी मुद दुप्पट होत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण हा प्रश्न हमखास येतो.) हंबलींचंही जवळपास हेच मत आहे. मालिकी गरोदर बाईला नुसती कजा सांगतात आणि पाजणारीला कजेबरोबर फिदियाही.

हनफींनी हा भेदच मानला नाही. मर्गीनानींच्या हिदायामध्ये त्याचं उत्तर आहे आणि मला ते फार सुरेख वाटतं. रोज्याच्या बदल्यात धान्य ही गोष्ट तर्काने निघत नाही. उपाशी राहणं आणि दुसऱ्याला जेवू घालणं यांचा काही ताळमेळ नाही. ती आयतीने म्हाताऱ्या माणसासाठी सांगितली म्हणून आपण मानतो, पण तिथून उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. म्हाताऱ्यावर रोजा फर्ज होता आणि तो पुरा करायला तो असमर्थ ठरला. बाळावर तर रोजा कधी फर्जच नव्हता, मग त्याच्या वतीने फिदिया कसला? म्हणून बाईने स्वतःसाठी सोडला काय किंवा बाळासाठी, कजा तेवढी करायची.

आता तुमचे दिवस मोजू. एकूण आकडा सांगून चालत नाही, दर दिवसाचं कारण वेगळं काढावं लागतं. शाफई हिशेबात बायका इथेच फसतात. सगळे दिवस एकत्र करून त्या सगळ्यांवर फिदिया लावतात, नाहीतर कशावरच लावत नाहीत.

2023 चा रमजान आपल्याकडे 29 दिवसांचा झाला. चार पुरे झाले, 25 राहिले, त्यात तो दुपारी तोडलेलाही आला. तुम्ही ठीक होतात, चिंता बाळाच्या वजनाची होती. शाफई मताने हे 25 च्या 25 फिदियाचे.

2024 चा 30 दिवसांचा. सुटले 22. त्यातले सात पाळीचे. त्या दिवसांत रोजा धरला तरी होत नाही, आणि त्याची नुसती कजा. हजरत आयशांना एका बाईने विचारलं होतं की पाळीतल्या रोज्याची कजा करायची आणि नमाजची नाही, असं का? त्या म्हणाल्या, आम्हाला रोज्याच्या कजेचा हुकूम व्हायचा, नमाजच्या कजेचा नाही. त्यावर उम्मतचं एकमत आहे. उरले पंधरा, दूध आटण्याचे. ते बाळासाठी, म्हणून फिदियाचे.

2025 चा पुन्हा 29. पहिले सहा तुमच्या स्वतःच्या रक्तदाबामुळे, फिदिया नाही. सातव्या दिवशी बाळंत झालात, तिथून शेवटपर्यंत 23 दिवस निफासचे, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे. निफास पाळीसारखाच, फिदियाचा प्रश्नच नाही.

म्हणजे सुटलेले 25 अधिक 22 अधिक 29, एकूण 76. पाच करून झाले, 71 राहिले. हनफी असाल तर तुमचा हिशेब इथे संपला. 71 रोजे, धान्याचा एक दाणा नाही. शाफई असाल तर 71 रोजे आणि 40 मुद. चाळीसच, पस्तीस नाही. पाच रोजे भरून दिले म्हणून त्यांचा फिदिया माफ होत नाही. तो रोजा बाळासाठी सोडल्याबद्दल आहे आणि कजा केली तरी उरतो.

मुद म्हणजे काय? मूळ माप वजनाचं नाही, आकारमानाचं. मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार मुदांचा एक साअ. ग्रॅममध्ये सांगायचं तर सहाशेच्या आसपास, धान्याप्रमाणे थोडं कमीजास्त. मी कोकणातल्या लेकींना पाऊण किलो धरायला सांगते, म्हणजे कमी पडल्याची रुखरुख राहत नाही. चाळीस मुदांचे तीस किलो तांदूळ झाले. लक्ष्मीपुरीतून एक पोतं घेतलंत की काम झालं. पण शाफई मताने धान्यच द्यायचं, पैसे नाही, आणि गावात रोज खाल्लं जाणारं साबूत धान्य. पीठ किंवा शिजवलेलं अन्न नाही. एकाच गरजूला सगळे मुद दिले तरी चालतं, एक मुद दोघांत वाटला तर चालत नाही. मशिदीच्या बांधकामाला किंवा मदरशाच्या पत्र्याला हे जात नाही. ते गरिबाच्या घरात जायला हवं.

सासूबाईंचं माप मात्र वेगळं. हनफी फिदिया अर्धा साअ गहू, किंवा एक साअ जव वा खजूर, किंवा त्यांची किंमत. आपल्याकडे अर्धा साअ म्हणजे पावणेदोन किलो गहू धरतात. शाफईंचा अर्धा साअ एवढा भरत नाही, कारण साअच दोन होते, इराकचा मोठा आणि मदिनेचा लहान. इमाम अबू हनीफांचे पट्टशिष्य अबू यूसुफ मदिनेला गेले तेव्हा लोकांनी घरोघरची वडिलोपार्जित मापं आणून दाखवली आणि त्यांनी आपलं मत बदललं, असं ग्रंथांत आहे. हनफी फतवा तरीही मोठ्या मापावरच राहिला. घरात एकाच पोत्यातून दोघींचे फिदिये निघणार असतील, तर मापं आधी ठरवून घ्या, नाहीतर स्वयंपाकघरात वाद ठरलेला.

तुम्ही कुठल्या मजहबाच्या, हे मला विचारू नका. लग्नाने मजहब बदलत नाही, नवऱ्याचा तो बायकोला आपोआप लागत नाही. नमाज, वुजू, रोजा माहेरच्या पद्धतीने करत असाल तर शाफई आहात, तांदूळ द्या. कोल्हापुरात आल्यावर इथल्या आलिमांकडे शिकून सगळं हनफी पद्धतीने करत असाल तर हनफी आहात. मात्र नमाज शाफई आणि तांदूळ द्यायची वेळ आली की हनफी, असं निवडायला जुन्या फुकहांनी मनाई केली आहे.

आता एक गोष्ट जी आईनेही सांगितलेली दिसत नाही. कजा पुढच्या रमजानच्या आधी पुरी करायची असते. हजरत आयशा म्हणायच्या, माझ्यावर रमजानचे रोजे असायचे आणि शाबानशिवाय मला ते करता यायचे नाहीत. हनफी म्हणतात, पुढचा रमजान उलटला तरी कजाच, जास्त काही नाही. शाफई, मालिकी आणि हंबली म्हणतात, उज्र नसताना उशीर केला तर कजेबरोबर दर दिवसाला आणखी एक मुद. शाफईंच्या जास्त प्रमाण मानलेल्या मताने वर्षं वाढली तसे मुदही वाढतात. उज्र मात्र चालू असेल तर उशिराचं काही नाही.

तुमच्या बाबतीत 2023 पासून या दिवाळीपर्यंत उज्र सतत चालू दिसतो. गरोदरपण, निफास, दूध, परत गरोदरपण. मध्ये तुम्ही पाच रोजे करून पाहिलेत आणि दूध कमी झालं, म्हणजे ती भीती नुसती मनातली नव्हती. त्या काळाचा उशिराचा मुद नाही. दिवाळीपासून मात्र तुम्हाला झेपेल असं तुम्हीच लिहिलंय. आज डिसेंबर 2025 चा मध्य. रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पासष्टेक दिवस. पाळीचे चौदा वजा केले तर पन्नास हाती उरतात. रोज धरलात तरी 21 मागे राहतील, आणि शाफई मताने त्या 21 ला उशिराचा एकेक मुद लागेल. दिवाळीलाच सुरू केलं असतं तर लागला नसता.

पण घाबरून रोज धरायला लागू नका. मुलगी अजून पिते. दोन-तीन रोजे धरा आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. ती नेहमीपेक्षा चिडचिडी झाली, लंगोट कमी ओले व्हायला लागले, वजनाचा काटा थांबला, तर उज्र परत आला. मग एक दिवसाआड धरा, किंवा थांबा. जे दिवस यामुळे मागे पडतील त्यांना उशिराचा मुद नाही. भीती खरी की आळस, हे ओळखायला फुकहांनी तीन गोष्टी दिल्यात. डोळ्यांना दिसणारी लक्षणं, स्वतःचा पूर्वीचा अनुभव, आणि भरवशाच्या वैद्याचा शब्द. एक असली तरी पुरे. शाफई मताने एक ध्यानात ठेवा, आता मुलीच्या दुधासाठी थांबलात तर ते कजेचे दिवस आहेत, रमजानचे नाहीत, त्यामुळे त्यांना वेगळा मुद नाही. येत्या रमजानात तिच्यासाठी सोडलात तर मात्र परत एकेक मुद लागेल.

कोल्हापुरात डिसेंबरात रोजा साडेबारा तासांच्या आत संपतो, मे महिन्यात तोच चौदाच्या वर जातो. म्हणून जमतील तेवढे आता उरका. सलग धरायची सक्ती नाही. सोमवार-गुरुवार धरा, थोरला आजीकडे असेल ते दिवस धरा.

नियतीत मात्र चूक करू नका, कारण चांगल्या शिकलेल्या बायकांचेही रोजे यात वाया गेलेले मी पाहिलेत. रमजानात हनफी पद्धतीने सकाळी उशिरापर्यंत नियत केली तरी चालते, तीच सवय लागते. कजेच्या रोज्याला ती सवलत नाही, दोन्ही मजहबांत. नियत रात्रीच, फजरची वेळ सुरू होण्याआधी झाली पाहिजे. सकाळी सातला उठून, काही खाल्लं नाही म्हणून चला आज कजा धरू, असं म्हटलंत तर तो नफिल होईल, कजेचा होणार नाही. सहरीला उठणं जमत नसेल तर झोपतानाच मनात ठरवून झोपा. हनफी पद्धतीने करत असाल तर नियतीत, माझ्यावरच्या सगळ्यात पहिल्या रमजानचा पहिला राहिलेला रोजा, एवढं धरा. म्हणजे तीन वर्षांचे दिवस एकमेकांत मिसळत नाहीत. आणि कॅलेंडरवर खूण करा. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगू नका मात्र, येणारी-जाणारी प्रत्येक बाई मोजत बसते.

सासूबाईंना हे सांगताना, तुमचं चुकलं, असं म्हणू नका. तुमचा फिदिया तुमच्यासाठी बरोबर आहे, आपा म्हणाल्या माझं वय अजून तिथवर आलं नाही, एवढं सांगा. हसतील.